संचालकांच्या बैठकीत नेमकं काय घडलं?

20 सप्टेंबर 1980, शनिवार. शिकागोच्या ट्रान्स युनियन कंपनीच्या संचालकांना आदल्या दिवशी निरोप गेला होता, की उद्या दुपारी बारा वाजता बैठक आहे. विषय काय, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. ट्रान्स युनियन ही रेल्वेच्या वाघिणी भाड्याने देणारी मोठी कंपनी होती आणि तिचे प्रमुख जेरोम व्हॅन गॉर्कम निवृत्तीला आले होते. त्यांनी सुमारे वीस मिनिटं तोंडी माहिती दिली. जे प्रित्झकर हे धनाढ्य गुंतवणूकदार अख्खी कंपनी विकत घ्यायला तयार आहेत, दर शेअरमागे 55 डॉलर रोख देणार आहेत आणि त्यांना रविवारी संध्याकाळपर्यंत होकार हवा आहे, असं त्यांनी सांगितलं. बाजारात शेअरचा भाव 37-38 डॉलर होता. कोणताही मूल्यांकन अहवाल समोर नव्हता. 55 हा आकडा आला कुठून, असं कोणी विचारलं नाही. सुमारे दोन तासांत संचालकांनी मान डोलावली. त्याच संध्याकाळी शिकागोच्या लिरिक ऑपेराच्या उद्घाटन समारंभात गॉर्कम यांनी करारावर सही केली. सहीपूर्वी तो करार त्यांनी वाचला नव्हता आणि इतर एकाही संचालकाने वाचला नव्हता.

एका भागधारकाने दावा लावला. खालच्या न्यायालयात संचालक जिंकले, पण 29 जानेवारी 1985 रोजी डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरवला. संचालकांनी कर्तव्यात घोर निष्काळजीपणा केला, असं बहुमताने ठरवलं. या खटल्यात कोणी पैसे खाल्ल्याचा आरोप नव्हता. बाजारभावापेक्षा जवळपास दीडपट किंमत मिळाली होती. मंडळावर इतर मोठ्या कंपन्यांचे प्रमुख होते, एक नामवंत अर्थतज्ज्ञही होते. पुढे भागधारकांनीही मोठ्या बहुमताने हा सौदा मंजूर केला होता. तरीही संचालक हरले.

कंपनी कायद्याच्या पेपरात ‘प्रॉब्लेम’ नावाचा एक प्रश्न असतो. त्यात व्याख्या विचारलेली नसते. एक गोष्ट सांगितलेली असते आणि शेवटी दोन शब्द असतात: ‘सल्ला द्या.’ या प्रश्नात मुलं सर्वाधिक अडखळतात ती संचालकांच्या कर्तव्यांवर, आणि बहुतेकांची चूक एकच असते. कुठे तरी वाचलेलं असतं, की न्यायालय धंद्याच्या निर्णयात नाक खुपसत नाही, याला ‘बिझनेस जजमेंट’चं तत्त्व म्हणतात. मग गोष्टीत संचालकांनी काहीही केलेलं असो, उत्तराची पहिली ओळ ठरलेली असते: ‘हा व्यावसायिक निर्णय असल्याने न्यायालय हस्तक्षेप करणार नाही.’ शेवटी पाहायची गोष्ट आधी पाहिली, की उत्तर तिथेच फसतं. ही चूक फक्त परीक्षेपुरती राहत नाही. कुटुंबाच्या कंपन्यांमध्ये, सोसायटीतल्या चार मित्रांनी मिळून काढलेल्या खासगी कंपनीत, ‘धंदा आहे, निर्णय चुकतात’ या एका वाक्याखाली पुष्कळ काही झाकलं जातं.

परीक्षेत येतो तसा एक प्रश्न रचून पाहू.

सांगली जिल्ह्यातली एक खासगी कंपनी बेदाणा तयार करून विकते. तिचे पाच संचालक आहेत. व्यवस्थापकीय संचालक आणि त्यांच्या घरच्यांकडे 38 टक्के शेअर आहेत, एका जुन्या भागीदाराकडे 42 टक्के आणि उरलेले 20 टक्के किरकोळ भागधारकांकडे. कंपनी 12 कोटी रुपये खर्चून शीतगृह बांधते. त्याआधी मंडळाच्या दोन बैठका होतात, अभियंत्याचा अहवाल येतो आणि बँकेचा अधिकारी प्रकल्प तपासून जातो. दोन वर्षांत बेदाण्याचा भाव कोसळतो, शीतगृह निम्मं रिकामं राहतं आणि कंपनीला मोठा तोटा होतो. शीतगृहाची जमीन व्यवस्थापकीय संचालकांच्या मेहुण्याकडून, म्हणजे पत्नीच्या भावाकडून, 3 कोटींना घेतलेली असते. हे नातं बैठकीत कोणी काढलेलं नसतं. व्यवहार झाल्यावर मेहुणा संचालकांना दिलेलं 60 लाखांचं जुनं हातउसनं कर्ज माफ करतो. तोट्यामुळे चिडलेला 42 टक्केवाला भागीदार मंडळ बदलण्याची भाषा करू लागतो. त्यानंतर महिन्याभरात मंडळ नवे शेअर काढतं. ते सगळ्या भागधारकांना देऊ केले जातात, पण भागीदाराचं पत्र मुदत संपायच्या दिवशी त्याच्या हाती पडतं. त्याने न घेतलेले शेअर व्यवस्थापकीय संचालकांचे घरचे घेतात. भागीदाराला सल्ला द्या.

या एका गोष्टीत तीन निर्णय आहेत. तिन्हींना तीन वेगळ्या मोजपट्ट्या लागतात. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली, की उत्तर पोकळ होतं.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 166 संचालकांची कर्तव्यं सांगतं. संचालकाने कंपनीच्या नियमावलीप्रमाणे वागावं. कंपनीची उद्दिष्टं पुढे नेण्यासाठी, सर्व सदस्यांच्या हितासाठी आणि कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज व पर्यावरण यांच्या भल्यासाठी सद्भावनेने काम करावं. वाजवी काळजी, कौशल्य व तत्परता दाखवावी आणि स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यावा. ज्या परिस्थितीत त्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष स्वार्थ कंपनीच्या हिताशी भिडतो, किंवा भिडू शकतो, त्यात त्याने पडू नये. स्वतःला किंवा नातेवाईक, भागीदार, सहकाऱ्यांना गैरवाजवी लाभ मिळवून देऊ नये. असा लाभ मिळवल्याचं सिद्ध झालं, तर त्या लाभाइतकी रक्कम कंपनीला भरून द्यावी. कर्तव्यभंगाला 1 लाख ते 5 लाख रुपये दंड आहे.

ही कर्तव्यं दोन जातींची आहेत. एक इमानाची आणि एक काळजीची. इमानाच्या कर्तव्याला इंग्रजी परंपरेत फिड्युशियरी कर्तव्य म्हणतात, कारण संचालक दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त असतो. काळजीचं कर्तव्य वेगळं, ते हुशारीने आणि लक्ष देऊन वागण्याचं आहे. बिझनेस जजमेंटचं कवच फक्त काळजीच्या बाजूला मिळतं. इमान सुटलं, तर ते कवच चढवताच येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या 2001 च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथलं कलम 180 चं दुसरं उपकलम हे संरक्षण फक्त काळजीच्या कर्तव्यापुरतं देतं आणि त्यातही अट घालतं, की त्या विषयात संचालकाचा मोठा स्वतःचा स्वार्थ नसावा. भारतीय कायद्यात असं लिखित कलम नाही. आपल्याकडे हे तत्त्व निकालांमधून झिरपत आलं आहे आणि त्याच्या जोडीला कलम 463 आहे, ज्यात प्रामाणिकपणे व वाजवीपणे वागलेल्या संचालकाला न्यायालय जबाबदारीतून मोकळं करू शकतं. परीक्षकाला नेमका हाच फरक हवा असतो. अमेरिकेतलं गृहीतक भारतात आयतं आणून चिकटवलेलं तो लगेच ओळखतो.

आता सोपा निर्णय आधी, म्हणजे शीतगृह. तोटा झाला, म्हणून कर्तव्यभंग झाला असं होत नाही. न्यायालय निकालाच्या दिवशीच्या शहाणपणाने मागे वळून बघत नाही. निर्णय घेतला त्या दिवशी संचालकांसमोर काय होतं, हे ते बघतं. आपल्या गोष्टीत दोन बैठका आहेत, अभियंत्याचा अहवाल आहे, बँकेची तपासणी आहे. बेदाण्याचा भाव पडणं मंडळाच्या हातात नव्हतं. टाटा सन्समधून सायरस मिस्त्री यांना ऑक्टोबर 2016 मध्ये अध्यक्षपदावरून हटवल्यानंतर जो खटला चालला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 2021 रोजी निकाल दिला. धंद्यातले फसलेले निर्णय हे अल्पसंख्य भागधारकांवरचा जुलूम म्हणून मांडता येत नाहीत, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. फक्त तोट्याचा मुद्दा असता, तर भागीदाराला इथे काहीच मिळालं नसतं.

पण शिकागोचा दाखला इथेच कामाला येतो. ट्रान्स युनियनमध्ये निकालाचा काटा किमतीवर फिरला नव्हता. 55 डॉलर कदाचित चांगली किंमत असेलही. न्यायालयाने विचारलं ते असं: ही किंमत योग्य आहे, असं मानायला संचालकांकडे त्या दिवशी काय आधार होता? वित्तप्रमुखांनी त्याआधी एक ढोबळ हिशेब केला होता. तो कंपनीची खरी किंमत काढण्यासाठी नव्हताच. कर्ज काढून कंपनी विकत घ्यायची, तर किती रकमेपर्यंत ते झेपेल, एवढंच त्यात होतं. त्यात 50 डॉलरला सहज आणि 60 ला कठीण, असं उत्तर आलं होतं. बैठकीत त्यांनी 55 हा आकडा वाजवी टप्प्यात बसतो, पण त्या टप्प्याच्या सुरुवातीला, असंही सांगितलं. त्यावर एकही प्रश्न आला नाही. डेलावेअरमध्ये गृहीतक असं आहे, की संचालक माहिती घेऊन, सद्भावनेने आणि कंपनीच्या भल्यासाठी निर्णय घेतात. मात्र माहिती घेतलीच नाही असं दिसलं, की हे गृहीतक गळून पडतं. मग आपण योग्य वागलो, हे दाखवण्याची जबाबदारी संचालकांवर येते.

म्हणून प्रश्नपत्रिकेतल्या गोष्टीत बैठकीचे तपशील कसून वाचावे लागतात. कार्यसूची आधी गेली होती का? कागद बैठकीपूर्वी मिळाले का? किती वेळ चर्चा झाली? कोणी पर्याय विचारले का? परीक्षक एखादं साधं वाक्य मुद्दाम पेरून ठेवतो. उदाहरणार्थ: ‘दोन संचालकांनी अहवाल वाचला नव्हता, पण साहेबांनी ठरवलं आहे म्हणून सही केली.’ हे वाक्य सापडलं, की कलम 166 मधला स्वतंत्र बुद्धीचा मुद्दा उभा राहतो. शीतगृहाचा निर्णय एकूण मंडळ म्हणून कितीही नीट घेतला असेल, तरी न वाचता सही करणाऱ्या त्या दोघांची गोष्ट वेगळी लिहावी लागते. कर्तव्य प्रत्येक संचालकाचं स्वतःचं असतं. इतिवृत्तात सरसकट ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलेलं असतं तिथे प्रश्न कोणी विचारला आणि गप्प कोण बसलं, हे कळत नाही. त्याचा तोटा प्रामाणिक संचालकालाच होतो. शंका असेल तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, असा सल्ला कंपनी सचिव संचालकांना देतात तो त्यामुळेच.

आता जमीन. इथे परीक्षकाने खरा सापळा लावला आहे, आणि तो मराठी घरातल्या एका नात्यावर लावला आहे. विद्यार्थी म्हणतो, मेहुणा म्हणजे नातेवाईक, म्हणून हा संबंधित पक्षाशी झालेला व्यवहार आणि म्हणून कलम 188 प्रमाणे मंजुरी हवी होती. पण कंपनी कायद्यातली ‘नातेवाईक’ची व्याख्या घरच्या व्याख्येपेक्षा तोकडी आहे. पती-पत्नी, एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य आणि नियमांत यादी दिल्याप्रमाणे वडील, आई, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. पत्नीचा भाऊ त्या यादीत नाही. जावयाची जमीन असती तर कलम 188 लागलं असतं. मेहुण्याच्या जमिनीला एवढ्या नात्यावर ते लागत नाही. काही मुलं इथवर बरोबर पोचतात आणि ‘म्हणून व्यवहार वैध’ असं लिहून थांबतात.

खरं तर उत्तर तिथूनच सुरू होतं. कलम 166 चं चौथं उपकलम नातेवाईकांची यादी बघत नाही. ते प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष स्वार्थ बघतं. व्यवस्थापकीय संचालकांवर मेहुण्याचं 60 लाखांचं कर्ज होतं. मेहुण्याला जमिनीची जितकी चढी किंमत मिळणार, तितका तो त्यांच्यावर मेहेरबान होणार, हे उघड आहे. ही गोष्ट त्यांनी मंडळासमोर मांडायला हवी होती आणि चर्चेतून बाजूला व्हायला हवं होतं. जमीन बाजारभावाने घेतली असली, तरी हा दोष उरतोच. कंपनीचं नुकसान झालं की नाही, हा इथला प्रश्नच नाही.

हे पटायला जड जातं. त्यासाठी 1942 चा एक इंग्लिश खटला उपयोगी आहे. इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावात रीगल कंपनीचं एक सिनेमागृह होतं. तिला आणखी दोन सिनेमागृहं भाड्याने घ्यायची होती आणि त्यासाठी एक उपकंपनी काढली. घरमालकाची अट होती, की त्या उपकंपनीचं 5000 पौंड भांडवल भरलेलं असावं. रीगलकडे 2000 पौंडच होते. मग चार संचालकांनी प्रत्येकी 500 शेअर स्वतः घेतले, 500 कंपनीच्या वकिलाने आणि 500 अध्यक्षांनी आणलेल्या बाहेरच्या लोकांनी. नंतर सगळं विकलं गेलं आणि प्रत्येक शेअरवर जवळपास तीन पौंड नफा झाला. रीगलचं काहीच बिघडलं नव्हतं. संचालकांनी पैसे घातले नसते, तर सौदाच झाला नसता. तरीही हाऊस ऑफ लॉर्ड्सने चारही संचालकांना नफा कंपनीला परत करायला लावला, कारण ती संधी त्यांना संचालकपदामुळे मिळाली होती आणि त्यांनी भागधारकांची परवानगी घेतली नव्हती. अध्यक्ष सुटले, कारण त्यांनी स्वतः एकही शेअर घेतला नव्हता. वकील सुटला, कारण त्याने मंडळाच्या विनंतीवरूनच शेअर घेतले होते.

म्हणून जमिनीच्या उत्तरात बिझनेस जजमेंटचा एक शब्दही येऊ नये. व्यवस्थापकीय संचालकांना मिळालेला लाभ म्हणजे माफ झालेलं 60 लाखांचं कर्ज. पाचव्या उपकलमाप्रमाणे तेवढी रक्कम त्यांच्याकडून कंपनीकडे यायला हवी. जमिनीची किंमत बाजारापेक्षा जास्त होती असं दिसलं, तर जास्त दिलेली रक्कम कंपनीने मागण्याचा मुद्दा त्याहून वेगळा मांडावा. इतर चार संचालकांना कर्जाची गोष्ट ठाऊक नसेल, तर लाभाची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. पण जमिनीचं स्वतंत्र मूल्यांकन का मागितलं नाही, हा काळजीचा प्रश्न त्यांना विचारता येतो.

तिसरा निर्णय सगळ्यात सुपीक आहे, कारण तो कागदावर निर्दोष दिसतो. नवे शेअर काढण्याचा अधिकार मंडळाला आहे. ते सगळ्यांना समान प्रमाणात देऊ केले होते. भागीदाराने मुदतीत घेतले नाहीत, मग दुसऱ्याने घेतले. यात बेकायदेशीर काय?

या प्रश्नावरचा भारतातला सर्वांत प्रसिद्ध निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी 1981 साली लिहिला. चंद्रचूड मूळचे पुण्याचे. खटला निलगिरीत उटीजवळच्या सुयांच्या एका कारखान्याचा, नीडल इंडस्ट्रीजचा. कारखान्यातले सुमारे 60 टक्के शेअर परदेशी मालकीच्या एका होल्डिंग कंपनीकडे होते. परकीय चलन नियंत्रण कायद्याप्रमाणे परदेशी वाटा 40 टक्क्यांवर आणायचा होता आणि रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत मे 1977 मध्ये संपत होती. 6 एप्रिल 1977 रोजी मंडळाने 16,000 नवे शेअर 100 रुपये दराने सध्याच्या भागधारकांना द्यायचं ठरवलं. होल्डिंग कंपनीच्या वाट्याला त्यातले 9,495 येत होते. तिला पाठवायच्या पत्रावर 14 एप्रिल ही तारीख होती. पण पाकिटावर टपालाचा शिक्का होता 27 एप्रिलचा. ते इंग्लंडला पोचलं 2 मे रोजी, आणि त्याच दिवशी इकडे मंडळाची बैठक होऊन शेअर वाटले गेले. होल्डिंग कंपनीचे शेअर भारतीय गटाने घेतले आणि बहुमत त्यांच्याकडे गेलं.

मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने भारतीय संचालकांना दोषी धरलं होतं. चंद्रचूड यांनी आधी हेतू तपासला. शेअर काढण्यामागे कायद्याची मुदत पाळण्याचं आणि कंपनीला पैसे उभे करण्याचं खरं कारण होतं का? होतं. संचालकांनी आपल्या खुर्च्या राखण्यासाठीच हे केलं, असं दिसत नव्हतं. कंपनीच्या भल्यासाठी केलेल्या कामातून संचालकांना ओघाने काही फायदा झाला, म्हणून ते काम आपोआप दूषित होत नाही. म्हणून हा जुलूम नाही, असं त्यांनी ठरवलं. पण ते तिथे थांबले नाहीत. तो उशिरा टाकलेला लिफाफा त्यांना दिसत होता. होल्डिंग कंपनीला तिचा हक्क बजावायची संधी मिळाली नाही, आणि त्या हक्काला किंमत होती.

उलट टोकाचा निकाल ऑस्ट्रेलियातल्या मिलर कंपनीच्या प्रकरणातला आहे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो 1974 मध्ये दिला. दोन भागधारकांकडे मिळून 55 टक्के होते. ते बहुमत मोडण्यासाठी मंडळाने तिसऱ्याच कंपनीला नवे शेअर दिले. संचालकांचा वैयक्तिक फायदा काही नव्हता, तरी ते वाटप रद्द झालं. शेअर काढण्याचा अधिकार भांडवल उभारण्यासाठी आहे. कोणाचं बहुमत असावं, हे ठरवण्यासाठी तो नाही.

आपल्या सांगलीच्या गोष्टीत मग कुठे बघायचं? शेअर काढले त्या वेळी कंपनीला खरंच पैशांची गरज होती का, बँकेचं देणं थकलं होतं का, याची कागदपत्रं आहेत का? तोट्यात गेलेल्या कंपनीला भांडवल लागणं साहजिक आहे, आणि ते सिद्ध झालं तर मंडळाची बाजू बळकट होते. पण भागीदाराने मंडळ बदलण्याची भाषा केली, त्यानंतर महिन्याच्या आतच हा ठराव यावा, हे त्यांच्या विरोधात जातं. त्यात पत्राचा उशीर. आज कलम 62 आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे असा देकार किमान 7 दिवस खुला ठेवावा लागतो. तो उघडण्याच्या किमान 3 दिवस आधी पत्र रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट, कुरियर किंवा ईमेलने पाठवावं लागतं. म्हणजे पत्र कोणत्या दिवशी निघालं, हे पोचपावतीवरून आणि टपालाच्या नोंदींवरून तपासता येतं. विद्यार्थ्याने नेमकी हीच कागदपत्रं मागावीत असा सल्ला लिहिला, की त्याला गोष्ट कळली आहे हे परीक्षकाला कळतं.

एक अडचण मुलं नेहमी विसरतात. भागीदाराला मेहुण्याच्या जमिनीवरून स्वतःच्या नावे नुकसानभरपाई मागता येत नाही. संचालकांचं कर्तव्य सर्वसाधारणपणे कंपनीशी असतं, एकेका भागधारकाशी नाही. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या कंपनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हेच सांगितलं. 60 लाख वसूल झाले, तर ते कंपनीच्या खात्यात जातील. भागीदाराचा मार्ग वेगळा आहे. त्याच्याकडे दहा टक्क्यांहून अधिक शेअर आहेत, म्हणून तो कलम 241 खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करू शकतो. तिथे त्याने जमीन आणि शेअरवाटप एकत्र मांडावं. शीतगृहाचा तोटा मात्र मुद्दाम बाजूला ठेवावा. सगळ्याच तक्रारी एका पोत्यात भरल्या, की न्यायाधिकरणासमोर पहिल्याच दिवशी मंडळाचा वकील शीतगृहाचे अहवाल दाखवतो आणि मग बाकीच्या दोन गोष्टीही चुकलेल्या धंद्याच्याच वाटू लागतात.

न्यायाधिकरण शेअरवाटप रद्द करू शकतं. पण हेतू खरा निघाला आणि दोष फक्त उशिरा पाठवलेल्या पत्रात सापडला, तर काय मागायचं, त्याचं उत्तर नीडल खटल्याच्या अखेरीला आहे. नव्या शेअरचा खरा भाव 190 रुपयांच्या आसपास होता आणि ते 100 रुपयांना दिले गेले होते. प्रत्येक शेअरमागे 90 रुपये, शेअर 9,495. चंद्रचूड यांनी 8,54,550 रुपये हा आकडा काढला आणि ही रक्कम भारतीय गटाने होल्डिंग कंपनीला द्यावी, तीही स्वतःच्या खिशातून, कंपनीच्या तिजोरीतून नाही, असा आदेश दिला.